नखांचा रंग बदलतो, चमक बदलत नाही

लग्नाच्या अल्बममधला एक नेहमीचा फोटो घेऊ. नवरीचा हात, त्यावर कोपरापर्यंत मेंदी, मनगटात हिरवा चुडा, बोटात अंगठी आणि नखांना गडद लाल नेलपॉलिश. अल्बम छपाईला जाण्याआधी निरोप येतो: नखं फिकट गुलाबी करून द्या, मुखपृष्ठावरच्या साडीला लाल शोभत नाही.

मागणी साधी वाटते. नखं निवडायची, रंग बदलायचा, फाइल पाठवून द्यायची. पण असं घाईत केलेलं काम लगेच ओळखू येतं. कधी नखं काळपट, मळकट दिसतात. कधी खडूने रंगवल्यासारखी कोरडी होतात. कधी नखाच्या मुळाशी लाल रेघ उरते, तर कधी तिथली नाजूक कातडीच गुलाबी होऊन बसते. यातले बहुतेक बिघाड हात कच्चा असल्यामुळे होत नाहीत. नेलपॉलिश प्रकाशात कसं वागतं याबद्दलचे काही गैरसमज त्यांच्या मुळाशी असतात. हाच लाल नखांचा फोटो समोर ठेवून ते एकेक करून पाहू. साधनांची नावं फोटोशॉपमधली आहेत, पण लेयर, मास्क आणि चॅनल ज्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत तिथे हीच पद्धत चालते.

गैरसमज १: रंग बदलायचा म्हणजे ह्यूचा स्लायडर सरकवायचा

वस्तुस्थिती: ह्यू म्हणजे रंगाची जात: लाल, पिवळा, हिरवा, निळा. एखादा रंग किती उजळ आहे हे ह्यूमध्ये येत नाही. गडद लाल आणि फिकट गुलाबी यांचा ह्यू जवळपास एकच असतो. फरक असतो तो उजळपणाचा आणि रंगाच्या तीव्रतेचा. त्यामुळे या कामात ह्यूचा स्लायडर कितीही फिरवला तरी लालाचा जांभळा होईल, किरमिजी होईल, पण फिकट गुलाबी होणार नाही.

अनेक जण मग वरच्या लेयरवर गुलाबी रंग भरून त्याचा ब्लेंड मोड ‘कलर’ करतात. हा मोड खालच्या फोटोचा उजळपणा जसाच्या तसा ठेवतो आणि फक्त रंग वरून घेतो. इथे नेमकं तेच नडतं. समजा नखाच्या सपाट भागातल्या एका पिक्सेलची किंमत लाल १७०, हिरवा २०, निळा ४० आहे. उजळपणा मोजताना हिरव्याला सुमारे ५९ टक्के, लालला ३० आणि निळ्याला ११ टक्के वजन मिळतं. त्या हिशेबाने या पिक्सेलचा उजळपणा २५५ पैकी जेमतेम ६७ येतो. आपल्याला हवा असलेला गुलाबी आहे २३२, १८०, १८४. त्याचा उजळपणा १९६ आहे. ‘कलर’ मोड गुलाबीला ६७पर्यंत खाली ओढतो आणि हातात पडतो १०३, ५१, ५५. हा तपकिरी झाक असलेला काळपट मरून आहे. मागितलेल्या गुलाबीशी त्याचा काही संबंध उरत नाही.

मग ‘ह्यू/सॅच्युरेशन’मधला लाइटनेस वाढवून पाहिला जातो. तो स्लायडर सगळ्याच छटा एकदम पांढऱ्याकडे ढकलतो. नखाच्या कडेची सावली उडते, चमक आणि तिच्या शेजारचा रंग यांतलं अंतर कमी होतं आणि नखं खडूसारखी दिसू लागतात. ‘कलर’ मोड आणि ह्यू यांचं काम तेव्हाच चोख होतं, जेव्हा जुन्या आणि नव्या रंगाचा उजळपणा जवळपास सारखा असतो. लालाचा तेवढाच गडद जांभळा किंवा बाटली हिरवा करायचा असेल तर ते खुशाल वापरावेत.

गैरसमज २: चमक हा नेलपॉलिशच्याच रंगाचा सगळ्यांत उजळ भाग आहे

वस्तुस्थिती: हा गैरसमज दूर झाला की निम्मं काम सोपं होतं. फ्रेममधल्या तसबिरीच्या काचेवर खिडकीचा उजेड पडतो, तो तसबिरीतल्या रंगांचा नसतो. नेलपॉलिशचंही तसंच असतं. वाळल्यावर त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत, पारदर्शक राळेसारखा होतो. समोरून येणाऱ्या प्रकाशातला साधारण ४ टक्के भाग हा पृष्ठभाग वरच्या वर परतवतो. तिरप्या कोनात हे प्रमाण वाढतं. हा प्रकाश रंगद्रव्यापर्यंत पोचतच नाही, त्यामुळे तो लालही होत नाही. खिडकीचा उजेड असेल तर चमक पांढरट निळसर, पिवळ्या बल्बचा असेल तर पिवळट. उरलेला प्रकाश आत शिरतो, रंगद्रव्यातून लाल होऊन बाहेर पडतो आणि आपल्याला नखाचा रंग म्हणून दिसतो.

म्हणजे फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलमध्ये दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: खालचा रंग आणि त्यावर आलेली चमक. नेलपॉलिश बदललं तर फक्त खालचा रंग बदलतो. म्हणून आधी या दोन्ही वेगळ्या काढायच्या, रंग बदलायचा आणि चमक पुन्हा जागेवर ठेवायची.

लाल नखांच्या बाबतीत वेगळं काढण्याची सोय फोटोतच असते. ‘चॅनल्स’ पॅनेल उघडून फक्त हिरवा चॅनल पाहा. नखं जवळपास काळी दिसतील, कारण लाल रंगद्रव्य हिरवा प्रकाश गिळून टाकतं. त्या काळ्यावर खिडकीची चौकोनी चमक मात्र लख्ख दिसेल, कारण चमकेत सगळेच रंग असतात. हिरवा चॅनल म्हणजे चमकेचा आयता नकाशाच झाला. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर निम्मे पिक्सेल हिरव्यासाठी असतात, त्यामुळे हा चॅनल सहसा सगळ्यांत स्वच्छही असतो. उलट लाल चॅनलमध्ये नखाचा गोलवा, कडेची सावली आणि चमक असं सगळं असतं. सावली आपण तिथून घेणार.

आता प्रत्यक्ष काम करू. नखांचा एक मास्क करून तो एका ग्रुपला लावायचा आणि त्या ग्रुपमध्ये तीन लेयर ठेवायचे.

सगळ्यांत खाली हवा तो गुलाबी, सपाट भरलेला.

त्यावर लाल चॅनलची प्रत, ‘मल्टिप्लाय’ मोडमध्ये. तिच्यावर लेव्हल्स लावून पांढऱ्याची मर्यादा १७०वर आणायची. म्हणजे नखाचा सपाट भाग पांढरा होईल आणि गुलाबीला धक्का लागणार नाही. फक्त सावलीचे भाग गुलाबीला गडद करतील. या लेयरची अपारदर्शकता ७० टक्क्यांच्या आसपास ठेवावी. गडद लाल रंग शेजारून येणारा उजेड बराचसा शोषून घेतो, फिकट रंग तो परतवतो. त्यामुळे फिकट नखाच्या कडेची सावली मुळातच सौम्य असते. लाल नखाची सावली पूर्ण उचलली तर गुलाबी नखाच्या कडा मळल्यासारख्या दिसतात.

सगळ्यांत वर हिरव्या चॅनलची प्रत, ‘स्क्रीन’ मोडमध्ये. इथे लेव्हल्समध्ये काळ्याची मर्यादा नखाच्या सपाट भागातल्या हिरव्याच्या किमतीपेक्षा थोडी वर ठेवायची. आपल्या फोटोत ती किंमत २० आहे, म्हणून २५. सपाट भाग पूर्ण काळा होईल, आणि ‘स्क्रीन’मध्ये काळं दिसत नाही. शिल्लक राहील ती फक्त चमक.

हिरव्या चॅनलची प्रत करडी असते, त्यामुळे मूळ चमकेतली निळसर किंवा पिवळट झाक त्यात येत नाही. ती हवी असेल तर या लेयरला किंचित रंग द्यावा. किती, हे हिरव्या चुड्याच्या काचेवरची चमक पाहून ठरवता येतं. तिच्यावरही त्याच दिव्याचा उजेड पडलेला असतो.

गैरसमज ३: चमक मूळ फोटोत होती तेवढीच ठसठशीत राहिली पाहिजे

वस्तुस्थिती: परतणारा प्रकाश तेवढाच राहतो, पण तो ठसठशीत दिसणं खालच्या रंगावर अवलंबून असतं. काळ्या किंवा गडद लाल नखावर खिडकीचं प्रतिबिंब डोळ्यांत भरतं. तीच खिडकी, तोच हात, पण नख फिकट गुलाबी असेल तर प्रतिबिंब मवाळ दिसतं, कारण पार्श्वभूमीच उजळ झालेली असते.

वरच्या पद्धतीत हे आपोआप साधतं. चमकेच्या मऊ कडेवरचा एक पिक्सेल घेऊ: लाल २१५, हिरवा ११०, निळा १२०. शेजारच्या सपाट लालाशी तुलना केली तर हिरव्यात २०वरून ११०पर्यंत उडी आहे, म्हणजे ९०ची. लेव्हल्स लावल्यावर या ११०चे सुमारे ९४ होतात. ते गुलाबीवर ‘स्क्रीन’ केले की पिक्सेल साधारण २४०, २०८, २१० होतो. गुलाबीचा हिरवा १८० होता, म्हणजे आता उडी फक्त २८ची. चमकेचा गाभा मात्र पांढराच राहतो. खऱ्या गुलाबी नखावरही असंच दिसतं: मधोमध शुभ्र ठिपका आणि त्याभोवती हलकी उजळण.

आता एक मोह टाळावा लागतो. काम झाल्यावर आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवला की चमक ‘कमी झाली’ असं वाटतं आणि हात ब्रशकडे जातो. पांढऱ्या ब्रशने ती वाढवली की नखं प्लास्टिकची दिसतात. तुलना जुन्या लाल नखांशी करायची नसते. त्याच फोटोतल्या दुसऱ्या एखाद्या फिकट आणि गुळगुळीत वस्तूशी करावी. मोत्याचा दागिना असेल तर उत्तम.

उलट दिशेने जाताना, म्हणजे फिकटाचं गडद करताना, चमक जास्त ठसठशीत दिसायला हवी. ते काम बरंच अवघड आहे. फिकट गुलाबीत तिन्ही चॅनल उजळ असतात, त्यामुळे चमकेला वेगळं दाखवणारा काळा चॅनल उरतच नाही. हिरव्यात रंग १८०वर आणि शुभ्र चमक २५५वर, एवढ्या ७५ पायऱ्यांतून सगळा उतार ताणून काढावा लागतो. ताणला की त्यात दाणे आणि पट्टे दिसू लागतात. म्हणून एकाच हाताच्या फोटोवरून अनेक छटा दाखवायच्या असतील तर शूटिंगच्या वेळी नखांना साधा, गडद, तीव्र लाल लावावा. पांढरा किंवा फिकट रंग टाळावा. लालावरून बाकीचे रंग काढता येतात, पांढऱ्यावरून काढणं जड जातं.

गैरसमज ४: लाल रंग सॉफ्टवेअरने निवडला की मास्क झाला

वस्तुस्थिती: ‘कलर रेंज’सारखं साधन रंग पाहून निवड करतं. आपल्या फोटोत लाल फक्त नखांवर नाही. नवरीच्या मेंदीत बोटांची टोकं बहुधा भरलेली असतात, थेट नखाच्या कडेपर्यंत. रंगलेली मेंदी लालसर तपकिरी असते आणि नखाच्या सावलीतला लाल तिच्या फार जवळ जातो. अशा वेळी रंगावरून केलेली निवड मेंदीही खाते. पेन टूलने प्रत्येक नखाची कड हाताने काढणं हाच खात्रीचा मार्ग आहे.

कड काढताना क्युटिकलकडे नीट पाहावं. क्युटिकल म्हणजे नखाच्या मुळाशी नखावर आलेली पातळ कातडी. फोटो तीनशे टक्क्यांवर मोठा केला की तिथे काय काय असतं ते दिसतं. नेलपॉलिश नीट लावणारी बाई क्युटिकलला ब्रश टेकवत नाही, केसभर जागा सोडते. त्यामुळे क्रम असा लागतो: त्वचा, क्युटिकलची उजळ कड, तिची बारीक सावली, उघड्या नखाची अरुंद पट्टी आणि मग नेलपॉलिशचा थर. या थराच्या सुरुवातीलाही एक हलका उंचवटा असतो आणि त्यावर बारीकशी चमक असते. मास्क या उंचवट्याशी थांबला पाहिजे. तो क्युटिकलपर्यंत नेला तर उघड्या नखाची पट्टी आणि सावली दोन्ही गुलाबीखाली झाकली जातात आणि नख कातडीवर चिकटवल्यासारखं दिसतं. उंचवट्याच्या अलीकडेच थांबवला तर लाल रेघ उरते.

दुसरा प्रश्न कडेच्या मऊपणाचा. फोटोतली कुठलीही कड पिक्सेलच्या धारेवर तुटत नाही. एक-दोन पिक्सेलभर दोन्ही बाजूंचे रंग एकमेकांत मिसळतात. मास्कची कडही तेवढीच मऊ हवी. मात्र सगळ्या नखांना एकच फेदर लावून भागत नाही. फोकस मधल्या बोटांवर असेल तर तिथली कड दोन पिक्सेलची, पण मागे गेलेल्या अंगठ्याची आठ-दहा पिक्सेलचीही असू शकते. प्रत्येक नखाशेजारची त्वचेची रेषा किंवा अंगठीची कड किती पिक्सेलमध्ये विरते ते मोजावं आणि मास्क तितकाच मऊ करावा.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत कडेचं काम आणखी चिघळतं. जेपीईजी दाबताना बहुतेक वेळा रंगाची माहिती उजळपणाच्या तुलनेत उभी आणि आडवी अर्ध्या बारकाईनेच साठवली जाते. परिणामी लाल रंग नखाच्या कडेबाहेर एक-दोन पिक्सेल त्वचेवर पसरलेला असतो. मास्क कितीही अचूक असला तरी तो पसरलेला लाल बाहेरच राहतो. म्हणून फोटोग्राफरकडून रॉ किंवा टिफ फाइल मागून घ्यावी. ती मिळत नसेल तर मूळ आकारातली, एकदाच दाबलेली फाइल तरी घ्यावी.

गैरसमज ५: नखांचा रंग नखांपुरताच असतो

वस्तुस्थिती: लाल नखावरून परतलेला लाल प्रकाश शेजारच्या त्वचेवर पडतो. नखाच्या दोन्ही बाजूंच्या कातडीच्या घड्या, क्युटिकलची कड, जवळ आलेल्या बोटाची आतली बाजू आणि अंगठीचं सोनं या सगळ्यांवर हलकी लाल झाक असते. नखं लाल असताना ती जाणवत नाही. नखं गुलाबी झाली की तीच झाक खटकते. नखाच्या भोवती सूज असल्यासारखं दिसतं.

उपाय मोजूनमापून करायचा. ‘ह्यू/सॅच्युरेशन’चा वेगळा लेयर घ्यावा, त्यात फक्त ‘रेड्स’ निवडून सॅच्युरेशन १५ ते २५ने कमी करावी, मास्क पूर्ण काळा करावा आणि नखाच्या कडेने मऊ, लहान ब्रशने कमी प्रवाहात हळूहळू उघडत जावं. अंगठीसाठीही हेच, पण तिथे सोन्याचा पिवळा उतरत नाही ना हे पाहत राहावं.

अडचण अशी की क्युटिकलजवळची त्वचा निसर्गतःच थोडी लालसर असते, आणि इथे मेंदीही आहे. दोन्ही टिकायला हव्यात. पडलेली झाक ओळखण्याची खूण दिशा आहे. नखाकडे तोंड केलेल्या उतारावर लाली असते, पलीकडच्या उतारावर नसते. मुळातली लाली आणि मेंदी अशी दिशा पाळत नाहीत, त्या दोन्ही उतारांवर असतात. जी लाली फक्त नखाकडच्या बाजूला आहे तेवढीच उतरवावी.

ही पद्धत कुठे चालत नाही

इथे सांगितलेलं सगळं साध्या, एकसंध रंगाच्या चकचकीत नेलपॉलिशबद्दल आहे. ग्लिटर, क्रोम आणि मेटॅलिक छटांमध्ये थरात बारीक चकत्या असतात. त्यांची चकाकी दिव्याच्या रंगाची राहत नाही, त्या स्वतःचा रंग तिच्यात मिसळतात. तिथे चमक आणि रंग असे दोन भाग पाडता येत नाहीत. मॅट नेलपॉलिशवर ठळक चमकच नसते, म्हणून मॅटचं चकचकीत करायचं तर चमक नव्याने रंगवावी लागते. ती खरी वाटण्यासाठी दिवा कुठे होता हे अंगठीवरून आणि चुड्यावरून शोधावं लागतं.

लाल नखांतही एक अडचण येते. भडक उजेडात लाल चॅनल २५५ला टेकतो आणि सपाट होतो. मग त्यात सावलीच उरत नाही आणि नखं गोलवा नसलेली, चपटी दिसतात. काम सुरू करण्याआधी लाल चॅनलचा हिस्टोग्राम पाहावा. उजव्या भिंतीला उंच रेघ चिकटलेली असेल तर रॉ फाइल एक्सपोजर कमी करून पुन्हा उघडावी आणि सावली त्या फाइलमधून घ्यावी.

फाइल पाठवण्याआधी दोन तपासण्या कराव्यात. पहिली: फोटो तात्पुरता कृष्णधवल करून पाहावा. रंग गेल्यावर फक्त उजळपणा उरतो आणि चुकलेली सावली, मळकट कड किंवा जास्त झालेली चमक लगेच दिसते. दुसरी: अंगठ्याचं नख इतर चार नखांशी ताडून पाहावं. अंगठा वेगळ्या कोनात असतो, त्यावर उजेड कमी-जास्त पडतो. तो मूळ फोटोत जितका गडद होता तितकाच, त्याच प्रमाणात, आताही गडद असायला हवा. म्हणूनच लाल चॅनलच्या लेव्हल्स पाचही नखांना एकच ठेवायच्या. प्रत्येक नखासाठी वेगळ्या लावल्या तर पाचही नखं सारखीच उजळ होतात आणि हातावरचा उजेड खोटा वाटतो.